‘सत्तर हजार’ म्हणजे नेमके किती? नेदरलँड्सच्या मुलाखतीनंतरचा एक मेल

मार्च २०२५ मधली गोष्ट. बुधवारी संध्याकाळी मावसभावाचा फोन आला. तो पुण्याला, वय ३२, गाड्यांमधल्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो. मी गेली नऊ वर्षं आइंडहोव्हनला असते. त्या दुपारी त्याची इथल्या एका एजन्सीच्या रिक्रूटरबरोबर मुलाखत झाली होती आणि शेवटची पंधरा मिनिटं क्लायंट कंपनीचा इंजिनिअरिंग मॅनेजरही कॉलवर आला होता. मुलाखत छान झाली, असं तो म्हणाला. आवाज खूश होता.

“ताई, आता थँक यू मेल लिहितोय. एकदा नजर टाकशील का?”

मी म्हटलं पाठव. मेलबरोबर त्याने रिक्रूटरने मुलाखतीनंतर तासाभरात पाठवलेला चार ओळींचा गोषवाराही पुढे पाठवला. त्यात भूमिकेचं नाव होतं, नोटीस पीरियड ९० दिवस असं होतं, नेदरलँड्सला यायची तयारी आहे असं होतं. आणि एक ओळ अशी होती: पगाराची अपेक्षा, ७० हजार, ऑल-इन.

त्याच्या मेलचं मी बाजूला ठेवलं आणि आधी विचारलं, “हे ऑल-इन तू म्हणालास का?”

“नाही, मी फक्त अराउंड सेव्हंटी थाउजंड म्हणालो. मग तिने विचारलं, ग्रॉस पर इयर, ऑल-इन? मी म्हटलं येस.”

“ऑल-इन म्हणजे काय, ते ठाऊक होतं?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सगळं मिळून. टॅक्स वगैरे धरून, असं वाटलं.”

त्याच्या एका ‘येस’मध्ये अडचण कशी लपली होती, ते नीट सांगते, कारण नेदरलँड्सच्या नोकरीत हे माहीत नसेल तर चांगला उमेदवारही फसतो.

इथे पगार ठरतो तो महिन्याचा, कर कापण्याआधीचा, म्हणजे ब्रुटो. त्यावर कायद्याने किमान ८ टक्के हॉलिडे अलाउन्स असतो. डच लोक त्याला फकान्सीखेल्ट म्हणतात, सुट्टीचे पैसे. तो दर महिन्याला जमत जातो आणि बहुतेक ठिकाणी मे महिन्यात एकरकमी हातात पडतो. हा बोनस नाही, कामगिरीशी त्याचा काही संबंध नाही, तो पगाराचाच भाग आहे. मी २०१६ साली आले तेव्हा मला याची कल्पना नव्हती. पहिल्या मे महिन्यात खात्यात जादा रक्कम दिसली आणि चुकून आली असेल म्हणून मी पेरोलच्या बाईंना मेल केला होता. त्यांनी मला माझाच करार उघडून ती ओळ दाखवली.

तर इथे वार्षिक आकडा दोन तऱ्हांनी बोलला जातो: हॉलिडे अलाउन्स धरून किंवा वगळून. रिक्रूटर मंडळी ‘ऑल-इन’ किंवा ‘इन्क्लुडिंग’ म्हणतात तेव्हा तो अलाउन्स आकड्याच्या पोटात असतो. वर्षाचे १२ महिने आणि त्यावर ८ टक्के, म्हणजे ऑल-इन आकड्याला १२.९६ ने भागलं की महिन्याचा पगार निघतो. नुसत्या १२ ने भागायचं ते अलाउन्स वगळलेल्या आकड्याला.

सत्तर हजारांना १२ ने भागलं तर महिन्याला ५,८३३ युरो. १२.९६ ने भागलं तर ५,४०१. महिन्याला ४३२ युरोंचा फरक. नुसता पैशांचा प्रश्न असता तर मी एवढी काळजी केली नसती. पण इथे परवान्याचा प्रश्न होता.

भारतातून येणारा इंजिनिअर बहुधा हायली स्किल्ड मायग्रंट या परवान्यावर येतो. त्यासाठी कंपनीला इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आयएनडीची, मान्यता लागते आणि उमेदवाराचा मासिक पगार ठरावीक मर्यादेच्या वर असावा लागतो. ही मर्यादा दर वर्षी बदलते. २०२५ साठी तीस वर्षं किंवा त्यावरच्या माणसाला ती ५,६८८ युरो ब्रुटो होती, तिशीच्या आतल्याला ४,१७१. आणि या आकड्यात हॉलिडे अलाउन्स मोजत नाहीत. पगार दरमहा, ठरलेला, खात्यात जमा होणारा हवा. वर्षाअखेरचा बोनस, मिळेल-न-मिळेल अशी रक्कम, हे धरत नाहीत.

आता भावाचं ‘७० हजार, ऑल-इन’ मर्यादेशेजारी ठेवून बघा. ५,४०१ म्हणजे मर्यादेच्या २८७ युरो खाली. कंपनीने आनंदाने हो म्हटलं असतं, तरी त्या पगारावर परवाना मिळाला नसता. आणि ‘७० हजार, अलाउन्स वगळून’ हे ५,८३३, म्हणजे मर्यादेच्या वर. तोच आकडा, एका शब्दाच्या फरकाने एकदा पात्र आणि एकदा अपात्र. तो २८ वर्षांचा असता तर दोन्ही चाललं असतं आणि ही चूक फक्त खिशाला लागली असती. पण तो ३२ चा होता.

मग मी त्याला विचारलं की ७० हा आकडा आला कुठून. हे विचारणं महत्त्वाचं होतं. दुरुस्ती करायची तर ती खरी हवी. मनात खरोखरच ऑल-इन सत्तर असेल आणि आता मर्यादा कळली म्हणून आकडा वाढवायचा असेल, तर ती दुरुस्ती नाही, नवी मागणी आहे, आणि तिचा मेल वेगळा लिहावा लागतो. तो म्हणाला, कॉलेजचा एक मित्र इथे अशाच कामावर आहे, त्याने महिन्याला ५,८०० मिळतात असं सांगितलं होतं. त्याला १२ ने गुणलं, ६९,६०० आले, ते सरळ ७० केलं. म्हणजे त्याच्या डोक्यातला आकडा पहिल्यापासून अलाउन्स वगळूनचाच होता. चूक आकड्यात नव्हती, ‘येस’मध्ये होती. माझ्या जिवात जीव आला.

त्याने मेलचा जो खर्डा लिहिला होता, तो असा होता, थोडक्यात. सुरुवातीला डिअर मॅडम. मग एक मोठा परिच्छेद आभारांचा, ज्यात संधी, मौल्यवान वेळ, प्रतिष्ठित संस्था हे सगळं होतं आणि मुलाखतीत काय बोलणं झालं त्याचा एक शब्द नव्हता. मग पगार: सध्याचं सीटीसी २१ लाख, बाजाराचा अभ्यास करता अपेक्षा ७० हजार, पण रक्कम निगोशिएबल, संधी महत्त्वाची. शेवटी ३० टक्के करसवलत मिळत असेल तर थोडं कमीही चालेल, असं एक वाक्य. खाली फोन नंबर आणि लवकर उत्तराची विनंती.

मी त्याच्यावर रागावले नाही. आपल्याकडे नोकरीच्या मेलमध्ये असंच लिहायला शिकवतात. पण त्यातल्या तीन गोष्टी त्याच्याच विरोधात जात होत्या.

पहिली, सीटीसी. भारतातल्या २१ लाखांत कंपनीने भरायचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, व्हेरिएबल पे असतो. इथल्या ब्रुटो पगाराशी त्या आकड्याची तुलनाच होत नाही. युरोत फिरवून दिलं तर तो इतका लहान दिसतो की वाचणाऱ्याच्या मनात ‘मग सत्तर कशाला’ असा प्रश्न उगीच उभा राहतो. शिवाय युरोपीय संघाचा २०२३ चा पगार-पारदर्शकतेचा निर्देश आहे, जो सदस्य देशांनी ७ जून २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा होता. त्यात उमेदवाराला आधीचा पगार विचारू नये असंच म्हटलं आहे. तिने विचारलेलं नसताना आपण होऊन सांगायचं काही कारण नव्हतं.

दुसरी, ‘निगोशिएबल’. आपण हा शब्द नम्रता म्हणून लिहितो. वाचणारा तो सूट म्हणून वाचतो. आणि ज्या मेलमध्ये आपण ‘माझा आकडा चुकीचा नोंदला गेला’ असं सांगणार, त्यातच हा शब्द आला तर दुरुस्तीला काही वजनच राहत नाही.

तिसरी, ३० टक्के. परदेशातून निवडून आणलेल्या कामगाराला इथे पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंतचा भाग जास्तीत जास्त पाच वर्षं करमुक्त मिळू शकतो. अर्ज कंपनी आणि कामगार मिळून कर खात्याकडे करतात, आणि नोकरी लागल्यापासून चार महिन्यांच्या आत केला तरच सवलत पहिल्या दिवसापासून लागू होते. २०२५ मध्ये रुजू होणाऱ्याला २०२७ पासून हा दर २७ टक्के होणार, हे तेव्हाच ठरलेलं होतं. म्हणजे ही सवलत सरकारची, मुदतीची आणि कमी होत जाणारी. तिच्या भरवशावर मूळ पगार कमी मागितला की पाच वर्षांनी सवलत संपते आणि कमी पगार तसाच राहतो. गंमत अशी की या सवलतीला जी किमान उत्पन्नाची अट आहे, तिथे हॉलिडे अलाउन्स मोजतात, आणि परवान्याच्या अटीत मोजत नाहीत. दोन खाती, दोन हिशेब. म्हणून ‘करसवलतीत बसतंय ना, मग परवान्यातही बसेल’ असं समजू नये.

मग प्रश्न आला फोन करायचा की मेल. तो म्हणाला, फोनच करतो, मेलमध्ये वाईट दिसेल. मी नको म्हटलं. फोनवर पुन्हा कुठला तरी प्रश्न येईल आणि पुन्हा एक हो निघून जाईल. शिवाय एजन्सीची रिक्रूटर स्वतः निर्णय घेत नसते. ती क्लायंटकडे उमेदवाराची एक नोंद पाठवते, त्यात पगारासाठी एकच ओळ असते. ती ओळ कशी लिहावी हे आपण लिखित देऊ शकलो तर ती तशीच्या तशी उचलून पुढे जाते. एजन्सीला सहसा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत मोबदला मिळतो, तो कंपनीकडून. त्यामुळे आकडा वाढला तर तिचं नुकसान नाही. तिला भीती असते ती शेवटच्या क्षणी उमेदवार आकडा बदलेल आणि क्लायंटपुढे मान खाली जाईल याची. दुरुस्ती ऑफर निघण्याआधी आली तर ती माहिती असते, ऑफरनंतर आली तर तोच घोळ होतो.

वेळेचाही विचार केला. तिच्या मेलच्या सहीखाली कामाचे दिवस लिहिले होते, सोमवार ते गुरुवार. इथे असं पुष्कळांचं असतं, शुक्रवारी किंवा बुधवारी सुट्टी घेऊन चार दिवस काम. म्हणजे मेल गुरुवारी सकाळीच जायला हवा, नाहीतर सोमवारपर्यंत तसाच पडून राहणार आणि तोवर ती नोंद क्लायंटकडे गेलेली असणार. मार्चच्या त्या आठवड्यात उन्हाळी वेळ सुरू व्हायची होती, त्यामुळे पुणे आणि आइंडहोव्हनमध्ये साडेचार तासांचं अंतर. तिचे नऊ म्हणजे त्याचे दीड. मेल एकच्या सुमारास टाकायचा, असं ठरलं, आणि तो नवा न लिहिता तिच्या त्या चार ओळींच्या गोषवाऱ्यालाच उत्तर म्हणून. चुकीची ओळ आणि दुरुस्ती एकाखाली एक दिसली की पुढे कुणालाच शोधाशोध करावी लागत नाही.

मेल लिहायला आम्हाला रात्रीचे अकरा वाजले, म्हणजे त्याच्याकडे साडेतीन. पाठवला तो इंग्रजीत. इथे मी तो मराठीत देते, वाक्यांचा क्रम तोच ठेवून. विषयाच्या ओळीत भूमिकेचं नाव होतं आणि पुढे ‘आभार आणि पगाराच्या आकड्याची दुरुस्ती’. सुरुवात तिच्या पहिल्या नावाने, मॅडम न लावता, कारण तिने स्वतः त्याला पहिल्या नावाने हाक मारली होती आणि इथे तीच रीत आहे.

“काल दिलेल्या वेळेबद्दल तुमचे आणि इंजिनिअरिंग मॅनेजरचे आभार. टेस्ट बेंचवर रात्री चालणाऱ्या चाचण्या अधूनमधून फक्त टायमिंगमुळे नापास होतात, असं त्यांनी सांगितलं, त्यावरून कामाची नेमकी कल्पना आली. गेली चार वर्षं माझं बरंचसं काम अशाच चुका शोधण्याचं आहे. बोलणं झाल्यावर या जागेसाठीची माझी इच्छा वाढली आहे.

“तुमच्या गोषवाऱ्यातल्या एका ओळीत मला दुरुस्ती करायची आहे, आणि चूक माझी आहे. काल मी वर्षाला ७०,००० युरो म्हणालो आणि तुम्ही ‘ऑल-इन’ का असं विचारल्यावर हो म्हणालो. त्यात हॉलिडे अलाउन्स धरला जातो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी मासिक पगार गुणिले १२ असा हिशेब केला होता. माझी अपेक्षा अशी आहे:

“महिन्याला ५,८३३ युरो ब्रुटो, ४० तासांच्या आठवड्यासाठी, ८ टक्के हॉलिडे अलाउन्स वगळून. अलाउन्स धरून वर्षाला सुमारे ७५,६०० युरो.

“हा आकडा क्लायंटच्या पगारपट्ट्यात बसतो का, हे कळवाल का? मी ३२ वर्षांचा आहे आणि मला हायली स्किल्ड मायग्रंट परवाना लागेल, तेव्हा मूळ मासिक पगार माझ्या वयोगटाच्या २०२५ च्या मर्यादेच्या वर असेल याची खात्री आपण आत्ताच करून घेऊ या. ३० टक्के सवलतीच्या अर्जात कंपनी सहभागी होते का, तेही जाणून घ्यायला आवडेल.

“माझा नोटीस पीरियड ऑफरवर सही झाल्यापासून ९० दिवसांचा आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास आज आणि उद्या मी दुपारी दोननंतर, तुमच्या वेळेने सकाळी साडेनऊनंतर, फोनवर उपलब्ध आहे.”

शेवटच्या वाक्यात त्याने ‘उद्या’ लिहिलं तेव्हा मी सांगितलं की उद्या शुक्रवार, ती नसेल. तो म्हणाला, राहू दे, मॅनेजरने फोन केला तर? ते मला पटलं.

या मेलमधल्या काही जागांवर आम्ही बराच वेळ घालवला, त्या सांगते.

आभारांत टेस्ट बेंचचा उल्लेख मुद्दाम ठेवला. रिक्रूटरला टायमिंगच्या चुकांशी कर्तव्य नसतं, पण ती हा मेल मॅनेजरकडे पुढे पाठवते. मॅनेजर तेवढं एक वाक्य वाचतो आणि त्याला आठवतं की हा तोच, ज्याने उलट प्रश्न विचारला होता. आभार चार वाक्यांत संपले, कारण मेलचं खरं काम पुढे होतं आणि ते आभारांच्या शेपटीला चिकटवल्यासारखं दिसायला नको होतं.

‘चूक माझी आहे’ हे वाक्य त्याला खुपत होतं. कमीपणा वाटेल, असं तो म्हणाला. मी ते काढू दिलं नाही. ७० चं ७५.६ होताना दिसलं की वाचणारा पहिल्यांदा असंच समजतो की मुलगा एका रात्रीत भाव वाढवतोय. चूक कुठे झाली, कुठल्या शब्दाने झाली आणि हिशेब काय होता हे सांगितलं की तो संशय उरत नाही. माफी एकदाच मागितली. दोनदा मागितली असती तर ती अपराधी वाटली असती.

आकड्याची ओळ एकटी, वेगळी ठेवली. त्यात पाच गोष्टी आहेत: रक्कम, महिना की वर्ष, करापूर्वीची की नंतरची, आठवड्याचे तास आणि हॉलिडे अलाउन्स आत की बाहेर. तासांचं यासाठी की इथे ३६ किंवा ३८ तासांचा आठवडाही पूर्ण वेळ मानणाऱ्या कंपन्या आहेत, आणि कमी तास घेतले की पगार त्या प्रमाणात उतरतो. परवान्याची मर्यादा मात्र तासांच्या प्रमाणात उतरत नाही. बत्तीस तासांची नोकरी असली तरी ५,६८८ चे ५,६८८ लागतात.

सर्वात जास्त वाद झाला तो मर्यादेचा आकडा लिहायचा की नाही यावर. भाऊ म्हणत होता, ५,६८८ स्पष्टच लिहू, म्हणजे त्यांना कळेल की कमी करता येणार नाही. माझं मत उलट होतं आणि आजही तेच आहे. मेलमध्ये दोन आकडे दिसले की वाचणाऱ्याचं बोट लहान आकड्यावर जातं. मर्यादा म्हणजे परवान्याची उंबरठ्याची रक्कम, ती त्याच्या कामाची किंमत नव्हे. आकडा लिहिला असता तर ५,७०० ची ऑफर देणाऱ्याला ‘मर्यादा तर भरली’ असं म्हणायला आपणच जागा करून दिली असती. म्हणून वय लिहिलं, परवान्याचं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं, आणि आकडा त्यांना शोधू दिला. कंपनीच्या एचआरला तो माहीत असतोच.

गुरुवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी मेल गेला. तिचं उत्तर त्याच दिवशी आलं, दोन ओळींचं: स्पष्ट केल्याबद्दल आभार, नोंद बदलली आहे, क्लायंटशी बोलून कळवते. सोमवारी तिचा फोन आला. कंपनीचा पगारपट्टा त्या श्रेणीला महिन्याला ५,४०० ते ६,००० होता, अलाउन्स वगळून. म्हणजे पहिला आकडा तसाच गेला असता तर तो त्यांच्या पट्ट्याच्या अगदी तळाशी बसला असता, कंपनीला काही खटकलं नसतं, आणि परवान्याच्या अर्जाच्या वेळी एचआरच्या टेबलावर सगळं अडलं असतं. तेव्हा त्यांनी पगार मर्यादेपुरता वर केलाही असता, एक युरोही जास्त नाही. किंवा वेळ नाही म्हणून दुसरा उमेदवार घेतला असता. दोन्ही मी इथे घडलेलं पाहिलं आहे.

फोनवर तिने विचारलं, ५,८३३ मध्ये काही लवचीकता आहे का. याची तयारी आम्ही करून ठेवली होती. त्याने सांगितलं, पूर्ण ऑफर बघितल्याशिवाय एकट्या आकड्यावर बोलणं अवघड आहे, पेन्शनमध्ये माझा वाटा किती आणि रजा किती हे कळलं की मी एका दिवसात उत्तर देतो. पेन्शनचं विचारणं बरोबर होतं. इथे कामगाराचा पेन्शनचा हप्ता ब्रुटो पगारातून कापला जातो आणि तो कंपनीगणिक बराच वेगळा असतो. एका ठिकाणचे ५,८०० दुसऱ्या ठिकाणच्या ५,६५० पेक्षा हातात कमी येऊ शकतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेखी ऑफर आली. महिन्याला ५,७५० युरो, ४० तास, २५ दिवस रजा, पेन्शनमध्ये त्याचा वाटा लहान, पहिला करार एक वर्षाचा, त्यात एक महिन्याचा चाचणी काळ. त्याने मागितल्यापेक्षा ८३ युरो कमी. अलाउन्स धरून वर्षाला ७४,५२०. त्याने मला विचारलं, अजून ताणू का. मी म्हटलं, तुझं तू ठरव, पण पेन्शनचा हिशेब तुझ्या बाजूचा आहे. त्याने त्याच संध्याकाळी होकार कळवला.

करार आला तेव्हा तो डच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होता. त्याने पगाराच्या ओळीचा फोटो काढून मला पाठवला. रकमेच्या पुढे लिहिलं होतं, दरमहा, ब्रुटो, आणि नंतर तो शब्द: एक्सक्लुसिफ, म्हणजे वगळून, ८ टक्के फकान्सीखेल्ट. रक्कम 5.750 अशी छापलेली होती, हजारानंतर टिंब, आणि त्याला क्षणभर पावणेसहा युरो वाटले. इथे स्वल्पविराम आणि टिंब आपल्या उलट वापरतात, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

तो १ ऑगस्टला रुजू झाला. यंदा एप्रिलमध्ये घरी जेवायला आला होता तेव्हा म्हणाला, “ताई, पुढच्या महिन्यात ५,५२० येणार ना सुट्टीचे?”

मी म्हटलं, नाही रे. तुझ्या कंपनीत सुट्टीच्या पैशांचं वर्ष जून ते मे धरतात. तुझे ऑगस्ट ते मे असे दहाच महिने झाले, महिन्याला ४६० प्रमाणे ४,६०० येतील, आणि तेही कर कापण्याआधीचे. त्याने मोबाइलवर गुणाकार करून बघितला आणि मान हलवली.